न खाजणारा माणूस

2017 च्या दसऱ्याच्या आठवड्यात आमच्या आरोंद्याच्या घरातली झोप उडाली. दिवसभर कुणाला काही नसायचं. रात्री जेवणं आटोपून दिवे मालवले, माणसं पांघरुणात शिरली, अंग जरा ऊबेला आलं की अर्ध्या तासात माजघरातून खसाखसा आवाज सुरू व्हायचा. आधी धाकट्या जाऊबाईंचा, मग माझ्या मुलाचा, मग आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. जाऊबाईंचं आठ महिन्यांचं बाळ तर रात्री दोन-दोन तास रडायचं आणि पाय एकमेकांवर घासायचं.

आमचं घर तेरेखोलच्या खाडीकडच्या अंगाला. पलीकडच्या काठावर गोवा. आमच्याकडे पावसाचे चार महिने कपडा पुरता वाळला असं कधी होतच नाही. चुलीच्या वर दोऱ्या बांधायच्या, पडवीत बांधायच्या आणि धुराचा वास लागलेले दमट कपडे अंगावर चढवायचे. त्यामुळे अंगाला खाज सुटली तर पहिल्यांदा कुणी घाबरत नाही. आई म्हणाल्या, "ह्या पित्त आसा. आमसुलाचा पाणी लाव." आमसुलाचं पाणी लावून झालं. सुके बांगडे बंद करून झाले. भावोजींनी सावंतवाडीच्या एका औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीबिठ्ठी काही नसताना, खाजेवरची ट्यूब आणली. ती लावल्यावर चार दिवस खरंच बरं वाटलं. पाचव्या दिवशी खाज परत आली आणि आधी मनगटाला होती ती आता पोटावर, काखेत, मांड्यांत पसरली.

बाळाच्या तळव्यांवर पाण्याचे बारीक फोड दिसले तेव्हा मी जाऊबाईंना म्हटलं, आता पित्त पुरे. आम्ही दोघी बाळाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरबाईंनी बाळाकडे बघायच्या आधी विचारलं, "घरात अजून कुणाला खाजतंय? आणि रात्री जास्त का?" आम्ही दोन्हीला हो म्हटल्यावर त्यांनी बाळ बाजूलाच ठेवलं आणि जाऊबाईंचा हात पुढे घेतला. बोटांच्या बेचक्या बघितल्या, मनगटाची आतली बाजू बघितली. मग परकराची नाडी बांधतो तिथला पट्टा आणि बेंबीचा भोवताल. टेबलावर शाईचं पेन होतं. त्याची शाई त्यांनी मनगटावरच्या एका खरखरीत जागी चोळली आणि लगेच स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाकली. सगळी शाई गेली, पण एक निळी वाकडीतिकडी रेघ राहिली, भाताच्या दाण्याएवढी. "हे तिचं बीळ," त्या म्हणाल्या. "शाई आत उतरली. खरूज आहे."

खरूज म्हटल्यावर जाऊबाईंचे डोळे भरले. आमच्याकडे हा शब्द घाणेरड्या माणसाला लावतात, कुत्र्याला लावतात. डॉक्टरबाईंना ते कळलं असावं. त्या म्हणाल्या की दिवसातून दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही होते, कारण हा जीव कातडीच्या वर नसतो, वरच्या थरात बीळ करून राहतो. पाणी आणि साबण तिथे पोचत नाही. आकाराने अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान, आठ पायांचा, गोचिडीच्या जातीतला. मादी रोज दोन-तीन अंडी घालते, ती तीन-चार दिवसांत फुटतात आणि दोन आठवड्यांत पिल्लं मोठी होतात. एवढं अंग खाजतं म्हणजे हजारो असतील असं आपल्याला वाटतं, पण साधारण माणसाच्या अंगावर एका वेळी दहा-पंधराच असतात. खाज त्यांच्या चावण्याची नसतेच मुळी. त्यांच्या अंगाची आणि विष्ठेची आपल्या शरीराला ॲलर्जी येते, तिची ती खाज.

आणि ही ॲलर्जी यायला वेळ लागतो. माझ्या दृष्टीने त्या दिवशीची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच होती. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा खरूज होते त्याला चार ते सहा आठवडे काहीच कळत नाही. तो मजेत झोपतो आणि शेजारी झोपणाऱ्याला देत राहतो. म्हणून घरात जितकी माणसं, तितक्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावायचं. ज्यांना खाजतंय त्यांनी आणि ज्यांना नाही त्यांनीही.

भावोजींची ट्यूब त्यांनी बंद करायला सांगितली. तिच्यात स्टेरॉइड होतं. त्याने कातडीचा लालपणा आणि खाज दबते, पण आतला जीव तसाच राहतो, उलट आरामात वाढतो.

घरी आल्यावर पहिला प्रश्न आला तो, आणली कुणी? आईंना उत्तर शोधायला लागलंच नाही. लावणीपासून आमच्याकडे कामाला येणारी एक बाई होती. शेतात असायची, कधी घरात वाटण करून द्यायची. "तीच खयसून तरी घेवन इली आसतली. तिका आता हय बोलवू नको," आई म्हणाल्या. तिला निरोप गेला सुद्धा.

मी मात्र बोटांवर दिवस मोजत होते. खाज सुरू झाली दसऱ्याच्या आसपास, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी. तिथून पाच आठवडे मागे गेलं की येते चतुर्थी, 25 ऑगस्ट. आमचा गणपती पाच दिवसांचा. त्या पाच रात्री घरात एकोणीस माणसं होती आणि माजघरात एकाला एक चिकटून, एका गोधडीत दोन-दोन पोरं झोपली होती. डोंबिवलीच्या नणंदेचा मुलगा तेव्हा हॉस्टेलवरून आला होता. रात्रभर खाजवायचा आणि विचारलं की "घामोळं आहे मामी" म्हणायचा. माझा मुलगा पाचही रात्री त्याच्या कुशीत झोपला होता.

हात मिळवला, ताट दिलं, शेतात बाजूला वाकून काम केलं, एवढ्याने खरूज सहसा लागत नाही. कातडीला कातडी बराच वेळ लागून राहावी लागते. एका अंथरुणावर झोपणं, मूल कुशीत घेणं, नवरा-बायकोचं जवळ येणं. कामाला येणारी बाई आमच्याकडे कधी झोपली नव्हती.

नणंदेला फोन करायचं काम माझ्यावर आलं. ती चिडली. "वहिनी, आमच्या घरात असलं काही नाही हं. खाडीकाठी दमटपणा तुमच्याकडे." मी म्हटलं, दमटपणाने होत नाही गो, एकदा मुलाच्या बोटांच्या बेचक्या बघ आणि मग मला फोन कर. दोन दिवस फोन आला नाही. मग आला तो जावयांचा. मुलाला डॉक्टरने खरूजच सांगितली होती, शिवाय खोलीतल्या दुसऱ्या मुलालाही. दिवाळीला ते येणार होते, पण त्यांची औषधाची दुसरी खेप व्हायची होती. मी सांगितलं, दिवाळी नको, तुळशीच्या लग्नाला या. त्यावरून नणंद माझ्याशी महिनाभर धड बोलली नाही.

औषध होतं पर्मेथ्रिन पाच टक्के, पांढरं मलम. मोठ्या माणसाला एका वेळी तीस ग्रॅमची एक ट्यूब जवळजवळ पुरी लागते. आम्ही मोठी सहा माणसं, माझी दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि बाळ. एका खेपेला आठ ट्यूब, आणि सात दिवसांनी दुसरी खेप, म्हणजे सोळा. हा आकडा ऐकून घरात शांतता पसरली. एक ट्यूब आणून जिथे पुरळ आहे तिथे तिथे लावू, असा भावोजींचा हिशेब होता. पण पुरळ असते तिथेच जीव असतो असं नाही. चुकून एक अंडी घालणारी मादी पाठीवर राहिली की महिन्याभराने सगळं पहिल्यापासून.

शनिवार, 7 ऑक्टोबरची रात्र ठरली. संध्याकाळी सगळ्यांची नखं कापली. गरम पाण्याची अंघोळ त्या वेळी करायची नव्हती. अंग कोरडं आणि गार असलेलं चांगलं. नऊ वाजता दारं लावून घेतली आणि जोड्या पाडल्या, कारण स्वतःच्या पाठीला स्वतःचा हात पुरत नाही.

आणि तिथे आप्पा, म्हणजे सासरे, पडवीतून उठेनात. "माका खाजत नाय. मगे माका कित्याक व्हया?" त्यांचं वय चौऱ्याहत्तर, अंगावर एक पुरळ नाही. चतुर्थीपासून रोज दुपारी बाळ त्यांच्या उघड्या छातीवर झोपत होतं. यांनी यांना समजावलं, भावोजींनी समजावलं. आप्पा म्हणे, ज्येका रोग तेका वखद. शेवटी मी जाऊबाईंना खूण केली. त्यांनी बाळ आणून आप्पांच्या पुढ्यात ठेवलं आणि त्याचे तळवे उघडून दाखवले. "आप्पा, आज आमी सगळे लावतलो आणि उद्या दुपारी हो परत तुमच्याच छातीर झोपतलो." आप्पांनी काही न बोलता बनियन काढलं.

लावायचं ते कानामागून, मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, कोरडी जागा न सोडता. सुटतात त्या जागा ठरलेल्या आहेत. हाताच्या आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या, नखांच्या खाली, बेंबी, काखा, स्तनांच्या खाली, ढुंगणाची घळ आणि लाजेची जागा. आईंनी आधी साडीच्या वरून पाठच पुढे केली. मी म्हटलं, आई, पुढचं तुम्ही आत जाऊन स्वतः लावा, पण लावा. पुरुषांना तर तिथेच हमखास असते. बाळाला आणि आप्पांना डॉक्टरबाईंनी डोक्याला, कपाळाला आणि चेहऱ्यालाही लावायला सांगितलं होतं, डोळे आणि तोंडाचा भोवताल सोडून. फार लहान आणि फार म्हाताऱ्या माणसांत ते तिथेही जातं. बाळ हात तोंडात घालणार, म्हणून हातांत मोजे चढवले. जाऊबाईंनी दूध पाजायच्या आधी छाती पुसायची, पाजून झालं की तिथे परत लावायचं. रात्री कुणी हात धुतले तर हातांना परत. मुलगा लघवीला उठून हात धुऊन आला तेव्हा झोपेतच त्याच्या हाताला मी मलम फासलं. आठ तास तरी अंगावर राहायला हवं. आम्ही सकाळी सातला न्हालो.

धुण्याची बाजू वेगळीच. आईंच्या मते आता घरातलं प्रत्येक कापड उकळायला हवं होतं, ट्रंकेतल्या पैठणीपासून मखराच्या पडद्यापर्यंत. वर भिंतींना फवारणी. यातलं काहीच करायचं नव्हतं. माणसाच्या अंगावरून उतरलेला हा जीव दोन-तीन दिवसांत मरतो. गारव्यात आणि दमटपणात थोडा जास्त टिकतो. तेव्हा गेल्या तीन-चार दिवसांत अंगाला लागलेलंच कापड बघायचं. रात्रीचे कपडे, चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, बाळाची दुपटी. भिंतीवरचा फवारा आपल्याच छातीत जातो.

न्हाणीतल्या चुलीवर मोठा हंडा ठेवला. हात घालवणार नाही इतकं कडक पाणी करून कपडे त्यात पंधरा-वीस मिनिटं दाबून ठेवले आणि मग धुतले. आता वाळवायचे कसे? परतीचा पाऊस रोज तीनला हजर. अकरा ते दोन ऊन मिळालं तेवढं घेतलं आणि जे दमट राहिलं त्यावर कडक इस्त्री फिरवली, शिवणींवर जास्त. उष्णतेने काम होतं, ती उन्हाची असो की इस्त्रीची. गोधड्या मात्र धुतल्या असत्या तर दिवाळीपर्यंत वाळल्या नसत्या. पावसात लाकडांवर घालतो ते जाड प्लास्टिक धुऊन पुसून घेतलं, त्यात गोधड्या गुंडाळून तोंड घट्ट बांधलं आणि माळ्यावर टाकल्या. तीन दिवस पुरतात म्हणतात, आम्ही दमट हवा धरून सात दिवस ठेवल्या. गादीवर तीन रात्री कुणी झोपलं नाही, एवढाच तिचा उपचार. सगळ्यांत अवघड होतं ते सकाळी नऊ जणांसाठी एक-एक कोरडा धुतलेला जोड तयार असणं. त्याची जमवाजमव मी गुरुवारपासून करत होते. मलम धुऊन परत आदल्या रात्रीचाच सदरा घातला तर काय उपयोग?

तरी सांगते, कापडाची भीती जरा जास्तच घेतली जाते. पुढे मी केनेथ मेलनबी नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाबद्दल वाचलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात खरूज फार माजली होती आणि सरकार पांघरुणं निर्जंतुक करण्यावर खूप खर्च करत होतं. मेलनबीने 1941 मध्ये शेफील्डला एका घरात लढायला नकार दिलेले तरुण स्वयंसेवक म्हणून ठेवले आणि खरूज झालेल्या सैनिकांच्या पांघरुणांत त्यांना उघड्या अंगाने झोपवलं. फारच थोड्यांना लागली. लागण झालेल्या माणसाशेजारी झोपवलं तेव्हा मात्र लागली. आणि पहिल्यांदा लागण झालेल्यांना जवळजवळ महिनाभर खाजच आली नाही. आप्पांसारखीच ती माणसं.

14 ऑक्टोबरला दुसरी खेप केली. पहिल्या वेळी अंड्यांतून वाचून फुटलेली पिल्लं मोठी होऊन अंडी घालायच्या आत गाठायची असतात. या वेळी आप्पा सगळ्यांच्या आधी बनियन काढून बसले होते, कारण मधल्या आठवड्यात त्यांच्या मनगटाला खाज सुटली होती. "आता खाजता गो," असं ते मला जरा अपराधी चेहऱ्याने म्हणाले.

त्याच सुमारास मी कामाच्या बाईच्या घरी गेले. डॉक्टरबाईंनी मला विचारलं होतं, ती बाई बाळाला घेते का? घ्यायची. सप्टेंबरभर, आम्ही रांधत असू तेव्हा, तास-तासभर खांद्यावर. मी गेले तेव्हा ती अंगणात बसली होती आणि भातकापणीच्या दुसऱ्या घरून येऊन हात खाजवत होती. "वयनी, माका वाटला भाताचा कूस लागला," ती म्हणाली. तिच्या बेचक्यांत तेच होतं, आणि तिच्या दोन्ही पोरांच्या कमरेलाही. आमच्या बाळाने तिला दिलं होतं. मी तसंच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी आणूक नाय मा?"

घरी येऊन मी हे आईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मासळीचे म्हणून बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी माझ्या हातात ठेवले. "तिच्या पोरांका पण दोनदा लावूक व्हया मा? मगे बघ कितक्यो ट्यूबी लागतत त्यो."

दिवाळीला उटणं कुणालाच लावलं नाही, सोललेल्या कातडीला ते झोंबतं. अभ्यंगाचं नुसतं खोबरेल तेल चोळलं. खाज अजून होतीच. आईंना वाटायला लागलं की औषध फुकट गेलं, तिसऱ्यांदा लावू. आप्पांनी गंधक आणि करंजेल तेलाची आठवण काढली, त्यांच्या लहानपणी खरजेला तेच लावत. गंधक खरं औषध आहे, आजही वापरतात, पण ते रात्रीमागून रात्र लावावं लागतं आणि वासाने माणूस घरात बसत नाही. डॉक्टरबाईंनी दोन्ही नको म्हणून सांगितलं. मेलेले जीव आणि त्यांची घाण कातडी गळून जाईपर्यंत आतच असते, म्हणून खाज दोन ते चार आठवडे चालू राहते. त्यात परत परत मलम फासलं तर कातडी भाजते आणि त्याचीच वेगळी खाज सुरू होते. बघायचं ते एवढंच की नवी रेघ, नवा फोड येतो का, आणि खाज आठवड्या-आठवड्याने उतरते का. खाजवून पू धरला, किंवा मुलाचा चेहरा सुजला आणि लघवी लालसर झाली, तर मात्र थांबायचं नाही. खरजेच्या जखमेतून गेलेला जंतुदोष मुलांच्या मूत्रपिंडापर्यंत जातो. रात्रीची झोप लागावी म्हणून त्यांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या.

तुळशीच्या लग्नाला नणंद आली. रात्री झोपायच्या वेळी तिने मुलाचं अंथरूण मुद्दाम पडवीत वेगळं घातलं आणि माझ्याकडे बघितलं. मी ते उचलून माजघरात आणलं. त्यांच्या दोन्ही खेपा होऊन गेल्या होत्या.

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सगळे झोपू लागले. माझ्या मुलाच्या काखेत लालसर दोन गाठी मात्र संक्रांतीपर्यंत होत्या. त्या दाखवल्या तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, यांत काही जिवंत नाही, अशा गाठी काही जणांना महिनोन्‌महिने राहतात, सावकाश जातील. तशाच त्या गेल्या.